टीबीची गोळी सुरू झाली आणि झोपेची गोळी चालेना: घरच्यांनी काय करायचं, पायरीपायरीने

औषधाच्या दुकानात कोण काय नेतं आणि किती दिवसांनी परत येतं, हे वही सांगते. झोल्पिडेम, अल्प्राझोलाम अशा औषधांसाठी आम्हाला 'एच वन'चं वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं. त्यात रुग्णाचं नाव, डॉक्टरचं नाव आणि दिलेल्या गोळ्यांची संख्या लिहायची आणि ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळायचं. एका जून महिन्यात त्या रजिस्टरात माझ्या सख्ख्या मावशीचं नाव वेळेआधी आलं. झोल्पिडेम ५ मिलिग्रॅमची दहा गोळ्यांची स्ट्रिप तिला बरोबर दहा दिवस पुरायची. या खेपेला ती १० तारखेला फोडलेली स्ट्रिप १५ तारखेला संपवून १६ ला सकाळी दारात उभी.

"मावशी, गोळ्या सांडल्या का?"

"सांडतायत कुठल्या! एकीनं डोळाच लागत नाही रे. दोन दिवस बघितलं, मग दोन-दोन घ्यायला लागले."

मावशीचं वय ६२, वजन ५८ किलो. तिला फुप्फुसाचा टीबी निघाला होता आणि ३ जूनपासून आरोग्य केंद्रातल्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. या दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या, तरी त्या मी एकमेकींना जोडल्या नव्हत्या. कारण साधं आहे. टीबीच्या गोळ्या सरकारी केंद्रातून फुकट मिळतात, त्यामुळे त्या माझ्या रजिस्टरातही येत नाहीत आणि तिच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही नाहीत. झोपेची गोळी देणारा एक, टीबीची देणारा दुसरा, आणि दोघांच्या मधे फक्त मावशीची पिशवी. बहुतेक घरांत ही गोष्ट याच फटीतून निसटते. म्हणून सुरुवात पिशवीपासून करू.

पायरी १: पिशवी पलंगावर ओता आणि तारखा लिहा

घरात ज्यांना झोपेची गोळी चालू आहे त्यांची सगळी औषधं एकत्र काढा. फुकट मिळालेली, कपाटातली, परदेशातून मुलानं पाठवलेली, ऑनलाइन मागवलेली, सगळी. स्ट्रिपवरचं मोठ्या अक्षरातलं नाव कंपनीचं असतं. आपल्याला हवं ते त्याच्या खालच्या बारीक अक्षरातलं मूळ औषधाचं नाव. टीबीच्या एकाच गोळीत चार औषधं असतात, तेव्हा ती बारीक अक्षरं शेवटपर्यंत वाचावी लागतात.

प्रत्येक औषधापुढे एकच गोष्ट लिहा: सुरू कधी झालं. बंद झालं असेल तर बंद कधी झालं, तेही. महिना चालणार नाही, तारीख हवी. पुढचा सगळा हिशोब तारखांवर आहे.

पायरी २: यादीत 'मुकादम' आहे का ते बघा

आपलं शरीर बहुतेक औषधं यकृतात मोडून बाहेर टाकतं. मोडण्याचं काम करणाऱ्या प्रथिनांना एन्झाइम म्हणतात. त्यांच्यातलं सगळ्यात कामसू एन्झाइम म्हणजे सीवायपी-३ए४, आणि ते यकृताबरोबर आतड्याच्या अस्तरातही असतं. झोल्पिडेम, झोपिक्लोन, अल्प्राझोलाम, मिडाझोलाम ही औषधं मुख्यतः त्याच्याच हातून मोडली जातात.

काही औषधं या एन्झाइमची पैदास वाढवतात. हे समजायला मला साखर कारखान्याच्या हंगामाची आठवण येते. मुकादम स्वतः ऊस तोडत नाही, तो टोळ्या आणतो. टोळ्या गोळा व्हायला काही दिवस जातात. एकदा आल्या की समोर जो फड उभा असेल तो सपाट करतात, कुणाचा आहे हे विचारत नाहीत. आणि मुकादम दुपारी गावाला निघून गेला तरी टोळ्या काही त्याच संध्याकाळी उठत नाहीत. रिफॅम्पिसिन हा असा मुकादम आहे, आणि झोपेची गोळी म्हणजे वाटेत सापडलेला परका फड.

घरोघरी सापडणारे मुकादम थोडेच आहेत. टीबीच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन सगळ्यात जोरकस. त्याचं भावंड रिफापेंटिन हेही विसरू नका. घरात एकाला टीबी निघाला की बाकीच्यांना प्रतिबंध म्हणून आयसोनियाझिडबरोबर आठवड्यातून एकदा, असे बारा डोस दिले जातात, त्यात ते असतं. म्हणजे टीबी एकाला आणि झोपेची गोळी बिघडलेली शेजारच्या खाटेवरच्या आजोबांची, असंही होऊ शकतं.

दुसरा गट फिट्सच्या औषधांचा: कार्बामॅझेपिन, फेनिटॉइन, फिनोबार्बिटोन. कार्बामॅझेपिन चेहऱ्याच्या शिरेच्या कळांसाठी आणि मूड टोकाचा वरखाली होण्याच्या आजारातही देतात, त्यामुळे 'आमच्याकडे फिट्स कुणालाच नाहीत' म्हणून ही ओळ ओलांडू नका. फिट्सवरच्याच सोडियम व्हॅल्प्रोएट आणि लेव्हेटिरासेटाम यांच्या बाबतीत मात्र ही टोळ्या जमवण्याची भानगड नाही.

तिसरा मुकादम झाडपाल्याचा आहे. त्याच्यासाठी वेगळी पायरी ठेवली आहे.

पायरी ३: झोपेची गोळी किती उरते, याचा अंदाज घ्या

हेलसिंकीच्या औषधशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात हे नीट मोजलं. निरोगी स्वयंसेवकांना रोज ६०० मिलिग्रॅम रिफॅम्पिसिन पाच दिवस दिलं आणि सहाव्या दिवशी झोपेची गोळी देऊन रक्तात ती किती पोचते ते पाहिलं. झोल्पिडेम एकूण ७३ टक्क्यांनी घटलं. झोपिक्लोन ८२ टक्क्यांनी. मिडाझोलाम आणि ट्रायझोलाम यांचं तर जवळजवळ काहीच उरलं नाही, पंच्याण्णव टक्क्यांच्या आसपास गायब. तोंडानं घेतलेली गोळी आधी आतड्याच्या अस्तरातून आणि मग यकृतातून जाते, म्हणजे रक्तात मिसळायच्या आधीच तिला दोन नाके लागतात, आणि दोन्हीकडे टोळ्या बसलेल्या.

आता मावशीचा हिशोब करू. सरकारी कार्यक्रमातल्या चार औषधांच्या गोळीत रिफॅम्पिसिन १५० मिलिग्रॅम असतं. ५० ते ६४ किलो वजनाला रोज अशा चार गोळ्या, म्हणजे ६०० मिलिग्रॅम. हेलसिंकीत दिलं होतं तेवढंच. याचा अर्थ तिची ५ मिलिग्रॅमची झोल्पिडेम अंगात साधारण १.३५ मिलिग्रॅमसारखी वागत होती. दोन गोळ्या घेतल्या तरी २.७. पूर्वीचा परिणाम परत आणायचा तर १८-१९ मिलिग्रॅम लागले असते. झोल्पिडेमची वरची मर्यादा तरण्या माणसालाही १० मिलिग्रॅम आहे आणि म्हाताऱ्या माणसाला ५ सांगतात. गोळ्या वाढवून हे गणित सुटणारं नाही, एवढं त्या आकड्यांवरूनच कळतं.

सगळ्या झोपेच्या गोळ्या सारख्या मार खात नाहीत. लोराझेपाम वेगळ्या वाटेनं मोडतं, त्यामुळे ते कमी घटतं. पण रिफॅम्पिसिन त्या वाटेवरही थोडी माणसं वाढवतंच. झोपेसाठी म्हणून क्वेटियापिन चालू असेल तर ते याच टोळीच्या तावडीत सापडतं आणि फारच थोडं उरतं.

पायरी ४: खरंच हेच कारण आहे का, ते तपासा

इथे घाई करू नका. टीबी झालेल्या माणसाला झोप न लागायला दहा कारणं असतात: रात्रीचा खोकला, घाम, ताप, काळजी, अशक्तपणामुळे दुपारी काढलेली तीन तासांची झोप. टीबीच्या गोळीतल्या आयसोनियाझिडनंही काहींची झोप उडते. मग गोळी उतरली हे कशावरून म्हणायचं?

तारखांवरून. रिफॅम्पिसिन सुरू झालं की दोन-चार दिवसांत एन्झाइम वाढायला लागतं आणि आठवडा-दोन आठवड्यांत कळस गाठतं. म्हणून तक्रार अशी हवी: पहिले तीन-चार दिवस गोळी नेहमीसारखी लागली, मग रोज थोडी थोडी कमी, आणि दुसऱ्या आठवड्यात घेतली काय न घेतली काय सारखंच. मावशीचं नेमकं तेच होतं. ३ तारखेला टीबीच्या गोळ्या, ८ च्या सुमारास 'आज जरा उशिरा लागली', १२ ला दोन गोळ्या. टीबीच्या गोळ्या सुरू व्हायच्या महिनाभर आधीपासूनच झोप नसेल, तर दोष दुसरीकडे शोधा. पहिल्याच रात्री बिघडली असेल तरी दुसरीकडेच.

कार्बामॅझेपिनचा वेग सावकाश असतो, त्याला पूर्ण जोर धरायला तीन ते पाच आठवडे लागतात. गंमत म्हणजे ते स्वतःलाही मोडायला लावतं, म्हणून सुरुवातीच्या महिन्यात डॉक्टर त्याचाच डोस वाढवताना दिसतात. त्यामुळे कार्बामॅझेपिन सुरू झालेल्या माणसाची झोपेची गोळी महिन्याभरानं उतरली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. माणूस म्हणतो, 'सवय झाली गोळीची.' सवयीनंही गोळी उतरते हे खरं आहे, पण तिला सुरुवातीची तारीख दाखवता येत नाही. मुकादमाची दाखवता येते.

एक वेगळी आणि जास्त काळजीची तक्रार ओळखायला शिका. जे लोक अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम रोज, महिनोन् महिने घेतात त्यांच्या शरीराला त्याची गरज लागलेली असते. मधेच मुकादम आला की रोजची गोळी पोटात जाते खरी, पण रक्तातली पातळी खाली येते. मग घाम, हाताला कापरं, छातीत धडधड, चिडचिड, उगाच भीती. औषध अचानक सोडल्यावर होतं तसंच. रिफॅम्पिसिनखाली हे जोरात होऊ शकतं. निरोगी स्वयंसेवकांवरच्या एका अभ्यासात कार्बामॅझेपिन दिल्यावर अल्प्राझोलाम अंगातून अर्धं व्हायला १७ तासांच्या जागी ८ तासांहून कमी लागले होते. घरच्यांना वाटतं टीबीची गोळी सोसत नाही, आणि टीबीची गोळी बंद होते. असं कापरं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. झटका आला किंवा माणूस बरळायला लागला तर थेट दवाखान्यात.

पायरी ५: या तीन गोष्टी करू नका

'टीबीची गोळी सकाळी आणि झोपेची रात्री घेऊन बघा' हा सल्ला काउंटरवर मी स्वतः ऐकला आहे. त्याचा काही उपयोग नाही. पोटात दोन गोळ्या भेटतात म्हणून हे घडत नसतं. एन्झाइम वाढलेलं आहे आणि ते चोवीस तास जागं आहे. टीबीची गोळी सकाळी घ्यायची ती दुसऱ्या कारणांसाठी घ्या.

दुसरी गोष्ट, झोपेसाठी टीबीची गोळी चुकवायची नाही. एक दिवस चुकवली तर एन्झाइम तसूभर उतरत नाही, कारण ते उतरायला आठवडे लागतात. टीबीच्या जंतूला मात्र औषध पचवायची संधी मिळते. फिट्सच्या गोळीचंही तेच, तिथे तर चुकवल्याचा परिणाम दुसऱ्याच दिवशी दिसू शकतो.

तिसरी, गोळ्या आपल्या मनानं वाढवायच्या नाहीत आणि वर 'थोडीशी' दारू तर मुळीच नाही. दारू या हिशोबात बसत नाही. ती गुंगी वेगळ्या बाजूनं वाढवते, श्वास मंदावते, आणि टीबीच्या औषधांचा यकृतावर आधीच भार असतो त्यात भर घालते.

पायरी ६: मूड सुधारणारा झाडपाला

परदेशातल्या मराठी घरांत आणि तिथून येणाऱ्या बॅगांमध्ये 'सेंट जॉन्स वर्ट'च्या कॅप्सूल सापडतात. पिवळ्या फुलांचं झुडूप, युरोपात २४ जूनच्या सेंट जॉनच्या दिवसाच्या सुमारास फुलतं म्हणून हे नाव. जर्मनीत ते सौम्य नैराश्यासाठी डॉक्टरही देतात, अमेरिकेत सुपरमार्केटच्या फळीवर मिळतं, आणि आपल्याकडे ऑनलाइन येतं. सौम्य ते मध्यम नैराश्यात ते काम करतं याला चांगले पुरावे आहेत. अडचण त्याच्या दुसऱ्या हाताची आहे.

त्यातलं हायपरफोरिन हे द्रव्य रिफॅम्पिसिनसारखंच पेशीतली तीच कळ दाबतं, आणि तीच टोळी जमते. हे लोकांच्या लक्षात आलं ते २००० साली. झुरिकमध्ये हृदय बदललेल्या दोन रुग्णांचं नवं हृदय शरीर नाकारू लागलं, कारण ते नाकारलं जाऊ नये म्हणून दिलेल्या सायक्लोस्पोरिनची रक्तातली पातळी या कॅप्सूलनी खाली आणली होती. झोपेच्या बाजूनं बघायचं तर २००३ साली अमेरिकेत बारा निरोगी माणसांना ही कॅप्सूल चौदा दिवस दिली. अल्प्राझोलाम अंगातून अर्धं व्हायला आधी १२.४ तास लागत होते, नंतर ६. म्हणजे रात्री अकराला घेतलेली गोळी पहाटेपर्यंत पुरायची ती आता मधेच संपते.

रिफॅम्पिसिनपेक्षा हा जोर कमी, पण इथे फसण्याची शक्यता जास्त, कारण माणसाला हे औषध वाटतच नाही. डॉक्टरनं 'आणखी काय घेता?' विचारलं की उत्तर 'काही नाही' असंच येतं. शिवाय क्रम असा लागतो: मन उदास म्हणून कॅप्सूल सुरू, दोन-तीन आठवड्यांनी झोपेची गोळी चालेना, झोप नाही म्हणून मन आणखी उदास, म्हणून कॅप्सूल वाढवली. ज्यात हायपरफोरिन अगदी कमी, दिवसाला १ मिलिग्रॅमच्या खाली ठेवलेलं असतं, त्या अर्कांनी हा त्रास होत नाही. पण बाटलीवर हायपरफोरिनचा आकडाच छापलेला नसेल तर तो कमी आहे असं धरून चालू नका.

बाटली ओळखायची कशी? पुढच्या बाजूला 'मूड सपोर्ट', 'पॉझिटिव्ह बॅलन्स' असं काहीतरी गोड लिहिलेलं असतं. मागे घटकांच्या यादीत 'हायपेरिकम परफोरेटम' शोधा, ते त्या झुडुपाचं शास्त्रीय नाव. अनेक वनस्पतींच्या मिश्रणात ते चौथ्या-पाचव्या क्रमांकावर दडलेलं असतं.

सापडलं तर आधी डॉक्टरांना सांगा. ती कॅप्सूल एसएसआरआय गटातल्या नैराश्याच्या गोळीबरोबर धोकादायक आहे, आणि औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत जे लिनेझोलिड देतात त्याच्याबरोबरही. बंद केल्यावर एक ते दोन आठवड्यांत एन्झाइम पूर्वपदावर येतं, म्हणजे त्या दिवसांत झोपेची गोळी पुन्हा चढू लागेल. याची तारीखही वहीत लिहा.

अश्वगंधा आणि तगर घेणारे विचारतात, 'आमचं काय?' त्यांच्या बाबतीत काळजी उलट्या बाजूची आहे. ती स्वतःच सुस्ती आणू शकतात, त्यामुळे झोपेच्या गोळीबरोबर गुंगी वाढते. तीही डॉक्टरांना सांगायची असते.

पायरी ७: डॉक्टरकडे काय घेऊन जायचं, काय विचारायचं

पायरी १ मधला तारखांचा कागद न्या आणि दोन्ही डॉक्टरांना दाखवा. टीबीच्या केंद्रात 'झोपेची ही गोळी चालू आहे' आणि नेहमीच्या डॉक्टरकडे 'रिफॅम्पिसिन अमुक तारखेपासून चालू आहे' एवढी दोन वाक्यं तोंडी सांगितली तरी बरंच काम होतं. 'झोप येत नाही' एवढंच सांगितलंत तर डोस वाढवून मिळण्याची शक्यता जास्त.

विचारायचे प्रश्न दोनच. ही गोळी या सहा महिन्यांत ठेवण्यात अर्थ आहे का? आणि टीबीचं औषध संपल्यावर तिचं काय करायचं? दुसरा प्रश्न आजच विचारायचा, कारण सहा महिन्यांनी तो कुणालाच आठवत नाही.

मावशीच्या डॉक्टरांनी कागद बघितला आणि पहिल्यांदा तिला रात्रीची विचारपूस केली. खोकला पहाटे दोनला उठवत होता. दुपारी ती दोन ते साडेचार झोपत होती आणि उठून पाचला कपभर चहा. टीबीच्या चारही गोळ्या ती रात्री जेवणानंतर घेत होती, 'सकाळी मळमळतं' म्हणून. केंद्रातल्या ताईंशी बोलून त्या सकाळी घ्यायच्या ठरल्या, मळमळीसाठी वेगळा उपाय दिला. दुपारची झोप अर्ध्या तासाची, गजर लावून. चहा तीनच्या आत. झोल्पिडेम पुन्हा एकच, ५ मिलिग्रॅम, आणि वाढ नाही. पहिला आठवडा वाईट गेला हे खोटं कशाला सांगू; रोज सकाळी फोनवर माझा उद्धार व्हायचा. जुलैत खोकला बसला तशी झोप आपोआप सुधारली. गोळी ती तरीही घेत राहिली. दीड मिलिग्रॅमच्या आतबाहेरचा तो दिलासा काढून घ्यायची डॉक्टरांना घाई नव्हती.

याच कागदावर आणखी एक ओळ बघायला हवी, झोपेशी तिचा संबंध नसला तरी. घरात कुणी गर्भनिरोधक गोळ्या घेत असेल, रक्त पातळ करणारं वॉरफरिन किंवा स्टेरॉइड चालू असेल, तर तीही याच मुकादमांच्या टोळीपुढे उभी असतात. रिफॅम्पिसिन चालू असताना गर्भनिरोधक गोळीवर विसंबता येत नाही, दुसरी पद्धत लागते.

पायरी ८: परतीची तारीख कॅलेंडरवर मांडा

माझ्या मते या सगळ्यातली हीच पायरी सगळ्यात जास्त चुकते, आणि माणूस पडतो तो इथेच. टीबीचं औषध संपलं म्हणजे घरात पेढे येतात. त्यानंतर दोन आठवड्यांत टोळ्या पांगतात आणि झोपेची गोळी पूर्ण ताकदीनं परत येते. मधल्या महिन्यांत कुणी ती चार पट केली असेल, तर ते चार पट आता खरोखरच चार पट असतं. रात्री बाथरूमला उठताना तोल जाणं, सकाळी दहापर्यंत जड डोकं, अडखळती जीभ, अर्धवट झोपेत काहीतरी करून नंतर न आठवणं. म्हाताऱ्या माणसाचं खुब्याचं हाड यात मोडतं.

हिशोब असा मांडायचा. उपचार ५६ दिवस आणि ११२ दिवस, मिळून १६८ दिवस. मावशीचा पहिला दिवस ३ जून, त्यामुळे पहिला टप्पा २८ जुलैला संपला आणि शेवटची गोळी १७ नोव्हेंबरला. पहिल्या टप्प्यानंतर औषधं चारवरून तीन होतात, पण रिफॅम्पिसिन त्यात शेवटपर्यंत असतं, त्यामुळे जुलैच्या शेवटी झोपेच्या गोळीत काही फरक पडत नाही. खरा बदल १७ नोव्हेंबर ते १ डिसेंबरच्या मधला. कुणाचे डोस मधे चुकले असतील तर शेवट पुढे सरकतो, म्हणून केंद्रातून शेवटची तारीख विचारूनच घ्या. कार्बामॅझेपिन डॉक्टरांनी बंद केलं असेल तर दोन-तीन आठवडे धरा.

तिच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी दोन खुणा केल्या होत्या, १७ ला लाल गोल आणि २४ ला 'फोन करणे'. २४ ला तिचाच फोन आधी आला. "अरे, आज साडेआठ वाजेपर्यंत उठलेच नाही, दूधवाला बेल वाजवून गेला. पाय पण जरा लटपटल्यासारखे झाले." गोळी तीच होती, ५ मिलिग्रॅम, एकच. डॉक्टरांनी त्या रात्रीपासून अर्धी करायला सांगितली, पलंगाजवळ छोटा दिवा रात्रभर चालू ठेवायला सांगितला, आणि दोन आठवड्यांनी तीही एक दिवसाआड. जानेवारीत एच वनच्या रजिस्टरात मावशीचं नाव आलं नाही. त्या महिन्यात ती दुकानात आली ती तीळ न्यायला निघालेली, वाटेत मला रागवायला थांबली, की कॅलेंडरवरचा लाल गोल संकष्टीवर काढून ठेवलास म्हणून तिचा उपवास चुकला.